तीन बाइटांचा म

मेल उघडल्यावर मराठीच्या जागी `à¤®à¤°à¤¾à¤ à¥€` असलं काही दिसलं की बहुतेक लोक तो मेल डिलीट करतात. मला मात्र ते बघून हायसं वाटतं, कारण त्या कचऱ्यात मजकूर जसाच्या तसा जिवंत असतो. मला भीती वाटते ती `?????` ची. दिसायला ही प्रश्नचिन्हं जास्त नीटनेटकी असतात, पण त्यांच्यामागे काहीही उरलेलं नसतं.

हा फरक मी इंजिनिअरिंगला शिकले नाही. नोकरीत थोडाफार कळला आणि खरा कळला तो मावशीने पाठवलेल्या एका झिप फाइलमुळे. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, साताऱ्याला शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर ते संगणक शिकले आणि २००६ पासून पाचेक वर्षं जर्मनीत असलेल्या मावशीला मराठीत मेल लिहीत राहिले. ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मावशीची जुनी मेलसेवा बंद व्हायला आली, तेव्हा तिने सगळे मेल उतरवून घेतले. उघडून बघते तर पानंच्या पानं परदेशी चिन्हं. तिने मला फोन केला. म्हणाली, "अगं, बाबांचं एकही अक्षर वाचता येत नाहीये. तुझं हेच काम ना? बघ ना जरा."

बघायच्या आधी हा गोंधळ का होतो ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

संगणकाला अक्षरं माहीत नसतात, फक्त आकडे माहीत असतात. कुठलं अक्षर म्हणजे कुठला आकडा, याचे तक्ते असतात. युनिकोड हा त्यातला आजचा सर्वमान्य तक्ता आणि त्यात देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. हे आकडे फाइलमध्ये लिहिण्याची जी पद्धत जवळपास सगळीकडे वापरतात तिला यूटीएफ-८ म्हणतात. इंग्रजी अक्षराला त्यात एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला तीन. आपला 'म' असा लिहिला जातो:

```
E0 A4 AE
```

यातला पहिला बाइट देवनागरीत कायम `E0` असतो. दुसरा `A4` नाहीतर `A5`. तिसऱ्यावरून ठरतं की अक्षर नेमकं कोणतं.

आता हेच तीन बाइट एखाद्या प्रोग्रॅमने पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेल्या जुन्या तक्त्याने वाचले, तर काय होईल? त्या तक्त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. `E0` म्हणजे `à`, `A4` म्हणजे `¤`, `AE` म्हणजे `®`. झालं, 'म' चा `à¤®` झाला. मराठीचा कचरा नेहमी `à¤` आणि `à¥` नेच का भरलेला असतो, त्याचं उत्तर हे एवढंच आहे. बाइट बरोबर असतात, फक्त वाचणाऱ्याने चुकीचा तक्ता हातात घेतलेला असतो.

वाचणाऱ्याला कुठला तक्ता घ्यायचा हे सांगायची सोय मेलमध्येच असते. मेल पाठवण्याचे मूळ नियम १९८२ चे, आणि त्यात फक्त साध्या इंग्रजी अक्षरांचा विचार होता. १९९२ मध्ये त्यावर जोड आली आणि मेलच्या डोक्यावर एक लेबल लावायची पद्धत सुरू झाली. ते असं दिसतं:

```
Content-Type: text/plain; charset=UTF-8
Content-Transfer-Encoding: quoted-printable
```

पहिल्या ओळीतला `charset` म्हणजे तक्त्याचं नाव. दुसरी ओळ सांगते की हे बाइट वाटेत सुखरूप राहावेत म्हणून ते साध्या इंग्रजी अक्षरांत कसे गुंडाळले आहेत. पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने लेबल लावलंच नाही किंवा चुकीचं लावलं, तर घेणारा अंदाज करतो आणि तो अंदाज मराठीच्या बाजूने फार क्वचित लागतो.

हे लेबल तुम्हालाही बघता येतं. जीमेल संगणकावरच्या ब्राउझरमध्ये उघडा, मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांवर दाबा आणि `Show original` निवडा. मेल आपल्यापर्यंत पोचला तसा, न सजवलेला, समोर येतो. तिथे `Content-Type` शोधा. एकाच मेलचे साधा मजकूर आणि वेबपानासारखा मजकूर असे दोन भाग असू शकतात आणि प्रत्येकाचं लेबल वेगळं असतं, म्हणून पहिलं सापडल्यावर थांबू नका.

मावशीच्या फाइलमधला सुरुवातीच्या काळातला एक मेल मी असाच उघडला. लेबलवर लिहिलं होतं `charset=iso-8859-1`, म्हणजे तोच पश्चिम युरोपी तक्ता. खाली मजकुराची सुरुवात अशी होती:

```
=E0=A4=AA=E0=A5=8D=E0=A4=B0=E0=A4=BF=E0=A4=AF
```

बरोबरीची चिन्हं काढली की तीन-तीनचे पाच गट दिसतात, सगळे `E0` ने सुरू होणारे. म्हणजे लेबल काहीही म्हणो, आतला माल यूटीएफ-८ आहे. गट सोडवले तर प, पाय मोडायचं चिन्ह, र, पहिली वेलांटी आणि य. 'प्रिय'. आजोबा ज्या मेलसेवेतून लिहायचे तिथलं पान यूटीएफ-८ मध्ये होतं, पण पाठवताना लेबल मात्र ठरावीक, जुनंच लागत होतं. मावशीला तेव्हा हे जाणवलं नव्हतं असं नाही. तिच्या त्या वेळच्या प्रोग्रॅममध्ये तक्ता हाताने बदलायचा मेनू होता. ती प्रत्येक मेल उघडून तो बदलायची आणि मग वाचायची. पुढे प्रोग्रॅम बदलला, मेनू गेला आणि मेल परत कचरा दिसू लागले.

यावरचा उपाय ऐकून मावशीचा विश्वास बसेना. मेलची मूळ फाइल, जिचं नाव `.eml` ने संपतं ती, नोटपॅडसारख्या साध्या संपादकात उघडायची. `iso-8859-1` खोडून तिथे `UTF-8` लिहायचं. सेव्ह करायची आणि मेलच्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा उघडायची. मजकुराला हात लावायचा नाही. थंडरबर्ड वापरत असाल तर `View` मध्ये `Repair Text Encoding` हा पर्याय असतो, तो लेबलकडे दुर्लक्ष करून तक्त्याचा नव्याने अंदाज घेतो. मेल थोडे असतील तर आधी तोच दाबून बघावा. आमच्याकडे बरेच होते, म्हणून मी लेबल बदलण्यासाठी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि पहिल्या दोन वर्षांचे सगळे मेल एका संध्याकाळी वाचता आले.

एक खबरदारी इथे घ्यावी लागते. दुसऱ्या ओळीत `quoted-printable` किंवा `base64` असेल तर फाइलमध्ये सगळी साधी इंग्रजी अक्षरंच असतात आणि कुठल्याही संपादकात ती सुरक्षित राहतात. तिथे `8bit` असेल तर मात्र मजकुराचे बाइट उघडेच असतात, आणि संपादकाने सेव्ह करताना स्वतःची हुशारी दाखवली तर ते बिघडू शकतात. म्हणून प्रयोग नेहमी फाइलच्या प्रतीवर करायचे.

काही मेलची मूळ फाइलच नव्हती. मावशीने ते कधीतरी छापायला म्हणून एका डॉक्युमेंटमध्ये पेस्ट केले होते आणि पेस्ट झाला होता तो कचराच. इथे लेबल बदलायला लेबलच नाही. मग उलटा प्रवास करावा लागतो. चिन्हांचे त्याच पश्चिम युरोपी तक्त्याने पुन्हा बाइट करायचे आणि ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. पायथनमध्ये हे दोन ओळींचं काम आहे:

```
s = "à¤ªà¥à¤°à¤¿à¤¯"
print(s.encode("cp1252").decode("utf-8", errors="replace"))
```

उत्तर आलं `प�रिय`. मधलं अक्षर गळालं.

इथे मी बराच वेळ अडकले, आणि मराठीला खास असलेली एक गोष्ट इथेच सापडली. त्या जुन्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: `81`, `8D`, `8F`, `90` आणि `9D`. या आकड्यांना तिथे कुठलंच चिन्ह नाही. पडद्यावर ते दिसत नाहीत आणि कॉपी-पेस्टमध्ये बऱ्याचदा गळून जातात. आता बघा, तिसरा बाइट यांपैकी एक असलेली आपली अक्षरं कोणती? पाय मोडायचं चिन्ह, पहिला उकार, ए, ऐ, झ आणि चंद्रबिंदू. शिवाय 'भ' चा तिसरा बाइट त्या तक्त्यात अदृश्य जोडरेघ असतो आणि 'ठ' चा तिसरा बाइट एक प्रकारची मोकळी जागा, जी पेस्ट होताना साधी स्पेस बनून जाते. सगळी जोडाक्षरं पाय मोडून बनतात. म्हणजे पेस्ट केलेल्या कचऱ्यातून मराठी परत मिळवताना जोडाक्षरं आणि उकार सर्वांत आधी गळतात.

पण गळालेल्या जागेतही माहिती शिल्लक असते. तीनपैकी दोन बाइट अजून तिथेच आहेत. कचऱ्यात `à¥` नंतर काहीच नसून लगेच पुढचा `à` आला, तर गळालेलं अक्षर जवळपास नक्की पहिला उकार किंवा पाय मोडायचं चिन्ह असतं. `à¤` नंतर असं झालं तर ए, ऐ, झ, भ किंवा चंद्रबिंदू. आणि उत्तरात `�` नंतर शब्दाच्या मध्येच मोकळी जागा दिसली तर तो ठ. `प�रिय` म्हणजे 'पुरिय' किंवा 'प्रिय', आणि पत्राच्या सुरुवातीला 'पुरिय' कोण लिहील? एका मेलमध्ये `प�रण` होतं. तो 'प्रण' असू शकतो आणि 'पुरण' ही. मेल होळीच्या आठवड्यातला होता आणि पुढच्या ओळीत कटाच्या आमटीचा उल्लेख होता, तेव्हा प्रश्न मिटला. असे नऊ मेल आईने आणि मी शेजारी बसून अक्षर अक्षर भरले. आजोबांची वाक्यं कशी वळतात हे आईला पाठ होतं, त्यामुळे मी नुसता `�` दाखवला की ती शब्द सांगायची.

कधी कधी ती अदृश्य चिन्हं पेस्टमध्ये टिकूनही राहतात. मग वरचा प्रोग्रॅम उत्तर न देता चूक दाखवून थांबतो, कारण `cp1252` मध्ये त्या चिन्हांना जागा नाही. तेवढ्याच चिन्हांपुरतं `latin-1` वापरलं की काम पुढे जातं आणि अक्षर गळत नाही. म्हणजे चूक दाखवली तर ती चांगली बातमी समजायची.

आणखी एक प्रकार होता. मावशी कधी तक्ता बदलायला विसरून तशीच उत्तर द्यायची. तिच्या उत्तराखाली आजोबांचा मूळ मजकूर कचऱ्याच्या रूपात जोडलेला असायचा, आणि आता तो कचराच खरा मजकूर समजून पाठवला जायचा. आजोबा त्याला उत्तर द्यायचे, त्यांची मेलसेवा पुन्हा चुकीचं लेबल लावायची आणि `à¤®` चं `Ã Â¤Â®` व्हायचं. एकाचे तीन आणि तीनाचे सहा. मजकुरात `Ã` आणि `Â` ची गर्दी दिसली की ओळखायचं, हा कचरा दोनदा झालेला आहे. उपायही तोच, फक्त दोनदा करायचा.

इथवर जे सांगितलं त्या सगळ्यात मजकूर वाचला होता. आता प्रश्नचिन्हं.

२००९ च्या सुमारास आजोबांनी मेलसेवा बदलली. नवी सेवा लेबल बरोबर लावत होती. पण त्या काळात मावशी तिच्या ऑफिसचाच पत्ता वापरायची, आणि तिथली यंत्रणा आत येणारा प्रत्येक मेल आपल्या पश्चिम युरोपी तक्त्यात बदलून साठवत होती. गंमत अशी की या यंत्रणेने तक्ता ओळखण्यात चूक केली नाही. तिने 'म' ला 'म' म्हणूनच वाचलं. मग आपल्या तक्त्यात 'म' शोधला, तो मिळाला नाही, आणि नियमाप्रमाणे त्या जागी `?` लिहून ती पुढे गेली. 'मराठी' या शब्दात अक्षरं आणि मात्रा धरून पाच आकडे असतात, म्हणून पाच प्रश्नचिन्हं. `à¤®` मध्ये तीन बाइट तरी हातात होते. इथे म, क, ळ सगळ्यांचा एकच `3F`, म्हणजे नुसतं प्रश्नचिन्ह. त्यातून परत येण्याचा कुठलाही मार्ग नाही, आणि तसा दावा कोणी केला तर विश्वास ठेवू नका.

अशा वेळी दुरुस्ती करायची नसते, दुसरी प्रत शोधायची असते. पाठवणाऱ्याचं `Sent` फोल्डर, मेल आणखी कोणाला गेला होता का, कुणी उत्तर देताना मूळ मजकूर खाली ठेवला होता का. आजोबांचं खातं केव्हाच बंद झालेलं होतं. पण त्यांनी बरेच मेल आईलाही पाठवले होते आणि आईच्या जीमेलमध्ये ते नीट होते. तसे बहुतेक मिळाले. चार मिळाले नाहीत.

त्या चारांपैकी एकाचा विषय मात्र वाचता आला. मेलचा विषय वेगळ्या पद्धतीने जातो. तिथे तक्त्याचं नाव आणि मजकूर एकत्र गुंडाळून एका ओळीत लिहितात, आणि ती ओळ पूर्णपणे साध्या इंग्रजी अक्षरांत असते:

```
Subject: =?UTF-8?B?4KSq4KS+4KSK4KS4?=
```

ऑफिसच्या यंत्रणेने मजकूर बदलला, पण या ओळीत तिला बदलण्यासारखं काही दिसलं नाही. कधी असा विषय न उलगडता समोर आला आणि `4KS` किंवा `4KW` पुन्हा पुन्हा दिसलं, तर समजा आत देवनागरी आहे. ही ओळ उलगडली तर निघतं 'पाऊस'. खाली दीड पान प्रश्नचिन्हं. त्यांच्यामधे पूर्णविराम आणि स्वल्पविराम होते, कारण ते दोन्हीकडे सारखेच असतात, आणि एका ठिकाणी इंग्रजीत टाइप केलेला `3` हा आकडा. वाक्यं कुठे संपतात, परिच्छेद कुठे बदलतात, सगळं कळत होतं. पावसाबद्दल त्यांना तीन काय सांगायचं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. मावशीला आठवत नाही. मी तो मेल तसाच ठेवला आहे.

आणखी दोन दृश्यं यांच्यात मिसळू नका. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त त्या यंत्रात देवनागरीचा फाँट नाही. तोच मजकूर दुसऱ्या फोनवर उघडा, दिसेल. आणि `ejkBh` असं काही दिसलं तर तो कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर आहे. त्यात मुळात मराठी अक्षरं नाहीतच, इंग्रजी अक्षरांना मराठी रूप चढवलेलं आहे. तो त्या-त्या फाँटच्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये बदलावा लागतो. 'मराठी' हा शब्द तिथे `ejkBh` असाच टाइप करतात.

आज फोनवरून लिहिलेल्या मेलला हा त्रास सहसा होत नाही, लेबल आपोआप बरोबर लागतं. त्रास होतो तो जुनं आउटलुक वापरणाऱ्या कचेऱ्यांत आणि आपोआप मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमांत. संगणकावरच्या जुन्या आउटलुकमध्ये `File`, मग `Options`, मग `Advanced` इथे `International options` असतं. तिथे बाहेर जाणाऱ्या मेलसाठी `Unicode (UTF-8)` निवडायचं. आणि माझ्यासारखं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी: मेलमध्ये प्रश्नचिन्हं जात असतील तर मेलचा कोड तपासण्याआधी डेटाबेस तपासा. मायएसक्यूएलमध्ये रकाना `latin1` असेल तर मराठी नाव साठवतानाच मेलेलं असतं, मेल फक्त ती बातमी आणतो. रकाना `utf8mb4` हवा, आणि डेटाबेसशी होणारी जोडणीही.

तपासायला मी एक वाक्य ठेवलं आहे. गळणारी बहुतेक अक्षरं त्यात आहेत: 'ऐका, भाऊंनी एक झाडू पुन्हा ठाण्याला पाठवला.' हे वाक्य विषयात, मजकुरात आणि त्याला आलेल्या उत्तरात, तिन्हीकडे धड दिसलं तर ती यंत्रणा मराठीसाठी ठीक आहे. नुसतं 'नमस्कार' पाठवून खात्री होत नाही, कारण त्यात ना ठ आहे, ना भ, ना झ.

आणि एखादा बिघडलेला मेल कुणाकडून दुरुस्त करून घ्यायचा असेल तर तो फॉरवर्ड करू नका, स्क्रीनशॉट पाठवू नका, कॉपी-पेस्टही नको. फॉरवर्ड करताना मेल नव्याने बांधला जातो आणि कचरा दुप्पट होऊ शकतो. `Show original` च्या पानावर `Download Original` असतं. ती फाइल जोडून पाठवा. दिसायला ती सर्वांत ओबडधोबड असते, पण सगळे बाइट आणि त्यांच्यावरचं लेबल, दोन्ही तिच्यातच असतं.